मदत हवी आहे: एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोघांचे संवाद कसे लिहू?

पाणकावळा
नमस्कार. एका दीर्घकथेत अडकले आहे. इंजिन बंद पडलेली छोटी होडी, त्यात एक म्हातारा मच्छीमार आणि त्याने पाण्यातून वर ओढलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. तिची भाषा त्याने कधी ऐकलेलीही नाही. नऊ दिवस आणि पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा एकच कॅन. निवेदन पूर्णपणे म्हाताऱ्याच्या बाजूने आहे.

पहिल्या खर्ड्यात मुलीची वाक्यं बनावट भाषेत लिहिली आणि पुढे तिरप्या अक्षरांत मराठी अर्थ दिला. वाचणारे म्हणाले, परक्या भाषेतला सिनेमा खालच्या ओळी वाचत बघतोय असं वाटतं. अर्थ काढून टाकले, तर "त्याने बोट दाखवलं, तिने मान हलवली" एवढंच पानभर उरलं. आणि खरी अडचण विश्वासाची आहे. तिसऱ्या दिवशी ती चाकू धरून होडीच्या टोकाला बसलेली असते, चौथ्या दिवशी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपते. मधे काय घडतं ते मलाच सापडत नाहीये. हा तुकडा बघा:

"म्हाताऱ्याने कॅन पुढे केला. 'घे, पाणी,' तो म्हणाला. 'आकू मेरी सान,' ती घाबरून म्हणाली. त्याने हसून मान हलवली. हा आपलं वाईट करणार नाही, हे तिला कळलं."

रानवारा
शब्द कशाला हवेत? दोघांना गप्पच ठेवा. हातवारे आणि नजर जगात सगळीकडे सारखीच असते, वाचकाला बरोबर कळेल.

शब्दवेडी
मी माझ्या कादंबरीसाठी दोनशे शब्दांचा कोश आणि क्रियापदांची रूपं आधी तयार केली, मगच लिहायला बसले. "आकू मेरी सान" मध्ये कर्ता कुठला? भाषेला व्याकरण असेल तर वाचकाचा विश्वास बसतो. हवं तर माझा तक्ता पाठवते.

तिसरी खाट
लेखक नाही, पण अनुभव आहे म्हणून लिहितो. पाय मोडून तीन आठवडे इस्पितळात होतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा एक शब्द मला कळत नव्हता, त्याला माझा कळत नव्हता. आम्ही गप्प अजिबात बसलो नाही. तो रात्री अर्धा अर्धा तास त्याच्या भाषेत बोलायचा, मी माझ्या. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला अशा गोष्टी सांगितल्या ज्या घरात कुणाला सांगितलेल्या नाहीत, कारण त्याला कळणार नव्हत्या. तो मात्र मी थांबेपर्यंत जागा राहायचा.

तळटीप
तिसरी खाट यांचा प्रतिसाद पाणकावळा यांनी दोनदा वाचावा. समोरच्याला कळत नाही म्हणून माणसं गप्प होत नाहीत, उलट मोकळी होतात. म्हाताऱ्याला बोलू द्या, भरपूर, साध्या मराठीत. संवादाची निम्मी अडचण तिथेच सुटते.

रानवारा, हातवारे सगळीकडे सारखे नसतात. बल्गेरियात मान वर-खाली हलवणं म्हणजे 'नाही'. आणि शब्दवेडी, निवेदक म्हातारा आहे. त्याला जे व्याकरण ऐकूच येत नाही ते वाचकाला कुठून दिसणार?

आता तुकडा. दोष शेवटच्या वाक्यात आहे. "तिला कळलं" हे म्हाताऱ्याला कसं कळलं? पानावर विश्वास दिसण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून तुम्ही तिच्या डोक्यात शिरलात. तिचं बोलणं त्याच्या कानाला येतं तसंच द्या: किती लांब, सूर कुठे चढला, कुठला आवाज पुन्हा आला. अक्षरांत एकच शब्द लिहा, तोही पुन्हा पुन्हा येणारा. समजा तो 'तोरू'.

दुसरा दिवस. म्हातारा कॅनच्या झाकणात पाणी ओतून देतो. ती पिते, झाकण परत करते आणि म्हणते, "तोरू." त्याला वाटतं, तोरू म्हणजे पाणी, अजून मागतेय. तो नाइलाजाने दुसरं झाकण भरतो. ती ते न पिता त्याच्याकडेच सरकवते, जरा जोरात, "तोरू!" त्याला हा माज वाटतो. "इथे थेंब थेंब मोजतोय मी," म्हणत तो ते पाणी परत कॅनमध्ये ओततो आणि कॅन स्वतःच्या मांडीखाली घेतो. हे ती बघते. चाकू त्यानंतर बाहेर येतो.

चौथा दिवस. तो डब्याने होडीतलं पाणी उपसून थकलाय. ती पुढे येते, त्याच्या हातातून डबा काढून घेते आणि म्हणते, "तोरू." इथे प्यायच्या पाण्याचा संबंधच नाही. त्याच्याआधी वाचकाच्या डोक्यात उजेड पडतो: तोरू म्हणजे पाळी. परवा ती मागत नव्हती, 'आता तुम्ही प्या' म्हणत होती. म्हातारा काही बोलत नाही. कॅन मांडीखालून काढून होडीच्या मधोमध ठेवतो आणि पाठ फिरवून झोपतो. उठतो तेव्हा कॅनवर पाण्याच्या पातळीला चाकूने आडवी रेघ ओढलेली असते, आणि पाणी रेघेला टेकलेलं असतं.

तत्त्वज्ञ क्वाइन यांनी 1960 मध्ये हेच कोडं मांडलं होतं. ससा पळताना बघून कुणी परका 'गवागाय' म्हणाला, तर तो शब्द सशासाठीच आहे हे कशावरून? तुमच्या कथेचं इंधन हेच आहे. चुकीचा अर्थ लागला पाहिजे आणि त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे. किंमत नसेल तर गैरसमज नुसती गंमत होऊन बसतो.

पाणकावळा
रेघेपाशी मी थांबलेच. चाकूचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच छळत होता, तोही सुटला. एक शंका: नवव्या दिवसापर्यंत त्यांना किती बोलता यावं?

तळटीप
फार नाही. दहा-पंधरा शब्द, तेही होडीतलेच: दोर, पाऊस, उपसणं, पाळी. उत्तरेच्या समुद्रकाठी रशियन आणि नॉर्वेजियन लोकांच्या मासळीच्या व्यापारात एक मिश्र बोली तयार झाली होती, रुसेनोर्स्क. पिढ्यान्‌पिढ्या वापरूनही तिचे शब्द साधारण चारशेच होते. पण म्हाताऱ्याने 'तोरू' चुकीचा उच्चारावा आणि तिने तो सुधारावा, हे जरूर घ्या. समोरच्याची चूक सुधारायला भीती कमी व्हावी लागते.

रानवारा
मान हलवण्याचं माहीत नव्हतं, मान्य. पण रेघेचा प्रसंग बिनशब्दांचाच आहे की! आणि एक प्रकरण मुलीच्या बाजूने, तेही मराठीतच लिहिलं तर? मग म्हाताऱ्याचं बोलणं नुसता आवाज होईल.

तळटीप
मी लिहिणार नाही. तिचं मन उघडलं की रेघेचा अर्थ सांगून टाकल्यासारखा होतो.

तिसरी खाट
मला मात्र ते प्रकरण वाचायला आवडेल. तो माणूस माझ्याबद्दल रात्री काय बोलत होता, हे मला आजही जाणून घ्यायचंय.

पाणकावळा
दोन्ही पटतंय, म्हणून ते प्रकरण वेगळं लिहून बघते, घालायचं की नाही ते मग ठरवेन. तुकडा तूर्त असा झालाय:

"'माझा धाकटा तुझ्याएवढाच होता,' झाकण भरता भरता म्हातारा म्हणाला. तिने पाणी प्यायलं, झाकण त्याच्यासमोर धरलं. 'तोरू.' त्याने कॅनकडे बघितलं, मग तिच्याकडे. 'एवढंच मिळेल,' तो म्हणाला."

खांद्यावरचं डोकं आठव्या दिवसावर ढकललंय. कदाचित काढूनही टाकेन.