वाइंडर खरंच लागतो का?

ऑटोमॅटिक घड्याळ हातात नसताना ते फिरवत ठेवणारा डबा म्हणजे वाइंडर. त्याबद्दल एक समज असा: “वाइंडर नसेल तर घड्याळाच्या आतलं तेल गोठतं.”

आजच्या सिंथेटिक तेलांचं तसं होत नाही. सेइको ४आर३६ मशीन पूर्ण चावीवर सुमारे ४१ तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी दुपारी थांबेल, आणि थांबलेल्या मशीनची झीजही होत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात ते कोरड्या डब्यात ठेवा, एवढं पुरे.

जपायचं ते पुन्हा लावताना. आधी २०-२५ फेरे चावी द्या. काटे पुढे फिरवून तारीख बदलू द्या, तसेच सकाळच्या सहावर आणा. मग कालची तारीख लावून काटे पुढे फिरवत आजच्या वेळेवर आणा. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत तारखेचं चाक गुंतलेलं असतं, तेव्हा काटे न फिरवता चावीने थेट तारीख बदलली तर दाते तुटू शकतात. वाइंडर घ्यावा तो पर्पेच्युअल कॅलेंडरसाठी, म्हणजे महिन्यांचे कमी-जास्त दिवस आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणाऱ्या घड्याळासाठी, कारण ते पुन्हा जुळवणं खरंच किचकट.