मदत हवी आहे: गीझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय, प्लंबर म्हणतो तोंडाला डमी मारतो, मारू देऊ का?

चौथा_मजला:
नमस्कार मंडळी, परवा नवीन १५ लिटरचा गीझर बसवला. चिंचवडला फ्लॅट आहे, सात मजली बिल्डिंग, आम्ही चौथ्यावर, पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, प्रेशर पंप वगैरे काही नाही. थंड पाण्याच्या इनलेटला गीझरसोबत आलेला पितळी व्हॉल्व्ह लावलाय, त्याला बाजूला एक छोटं तोंड आहे आणि गीझर चालू केला की थोड्या वेळाने तिथून टप टप सुरू होतं, आणि नेमका खाली वॉशिंग मशीनचा सॉकेट. प्लंबर म्हणाला व्हॉल्व्ह ढिला आहे, तोंडाला डमी मारतो नाहीतर व्हॉल्व्हच काढून साधा पाइप जोडतो, सगळीकडे असंच करतो म्हणे. सासूबाईंचंही तेच, म्हणे करून टाक, टाइल्सवर डाग पडतील. काय करू?

पाना_पकड:
ताई, डमी अजिबात मारू देऊ नका. तो व्हॉल्व्ह दोन कामं करतो, एक म्हणजे गीझरमधलं पाणी मागे लाइनमध्ये जाऊ देत नाही, आणि दुसरं, आतलं प्रेशर साधारण ८ बारपर्यंत चढलं की थोडं पाणी बाहेर सोडतो. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटर पाणी २५ वरून ६५ डिग्रीला गेलं की जवळपास पाव लिटर वाढतं, आता मागची वाट बंद आणि पुढचा नळ बंद, मग ते जाणार कुठे? त्या तोंडातूनच. मारली डमी आणि उद्या थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही चिकटले तर टाकी फाटेपर्यंत प्रेशर चढत राहील.
आता मला सांगा, गीझर बंद आणि पाणी थंड असताना ठिबकतं का? तोंडाखाली मग लावून मोजा.

सातवा_मजला:
माझं मत वेगळं आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी असेल तर नॉन रिटर्न लागतच नाही, फुगलेलं पाणी आपसूक लाइनने मागे वर जातं. आमच्याकडे १२ वर्षं साधा पाइप आहे, एक थेंब नाही.

पाना_पकड:
मागे जातं हे खरं आहे दादा, म्हणून तर तुमच्याकडे ठिबकत नाही. पण टाकी साफ करायला लाइन रिकामी केली की खालच्या मजल्यावरचा कोणी नळ उघडतो आणि गीझरमधलं पाणी तिकडे ओढलं जाऊ शकतं, मग कोरड्या टाकीत कॉइल चालू राहिली की जळालीच. शिवाय मधे कोणी स्टॉपकॉक बसवला असेल आणि तो बंद राहिला तर मागची वाटही गेली.

बंबवाला:
आमच्याही गीझरला पाणी कमी येतं हो, प्रेशर पंप लावू का? पीआरव्ही लाव असं दुकानदार म्हणाला.

पाना_पकड:
काका तुमचा प्रश्न वेगळा आहे, नवीन धागा काढा. आणि दुकानदाराला आधी विचारा कुठला पीआरव्ही, येणारं प्रेशर कमी करणारा की जास्तीचं बाहेर सोडणारा, नाव एकच घेतात आणि गिऱ्हाईक भलताच घेऊन येतं.

चौथा_मजला:
मोजलं! सकाळी थंड पाण्यापासून चालू केला, २० मिनिटांत गीझरचा दिवा बंद झाला तोपर्यंत मगात पाणी आलं साधारण २०० मिली, मग थांबलं. पण रात्री गीझर बंद असतानाही मिनिटाला एखादा थेंब पडतोच.

पाना_पकड:
२०० मिली बरोबरच आहे, सगळं पाणी एकसारखं तापत नाही. रात्रीचा थेंब मात्र चूक. तुमच्या वर तीन मजले म्हणजे टाकीचं प्रेशर एक-सव्वा बार, त्याने ८ बारचा व्हॉल्व्ह उघडणार नाही, बहुतेक फिटिंगच्या वेळची रेती नाहीतर टेफ्लॉन टेपचा तुकडा सीटवर अडकलाय. एमसीबी पाडा, पाणी गार होऊ द्या, मग व्हॉल्व्हची दांडी चार-पाच वेळा उचलून सोडा, धार येईल, कचरा धुऊन निघेल. व्हॉल्व्ह आणि गीझरच्या मधे कुठलाही कॉक नको.
आणि त्या तोंडाला पाइप जोडा, सॉकेटपासून लांबून खाली उतरता, कुठेही वर चढलेला नको, टोकाला नळ नको, जाळीच्या दोन-तीन इंच वर उघडा सोडा. गटाराच्या पाइपात घुसवू नका, मग ठिबकतंय की वाहतंय ते दिसणारच नाही. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी चालणार नाही, रोज येतं ते कोमट पाणी, पण बिघाड झाला तर उकळतं येईल आणि ती लगेच मऊ पडेल. सीपीव्हीसी घ्या.

सातवा_मजला:
म्हणजे रोज पाव लिटर पाणी वाया?

पाना_पकड:
बादलीत धरा, झाडांना घाला.

चौथा_मजला:
दांडी उचलली, पहिल्या धारेसोबत पांढऱ्या टेपचा तुकडा खरंच बाहेर आला 😄 पाइप रविवारी दुसरा प्लंबर टाकतोय. रात्रीचा थेंब कमी झालाय पण पूर्ण बंद नाही, दहा-बारा मिनिटांनी एखादा पडतोच. पुन्हा धुऊन बघू की सरळ व्हॉल्व्ह बदलून मागू?