विषय: लग्नाच्या कामांचं झाड – एकच काम दोन फांद्यांवर येतंय, कसं तपासायचं?

प्रेषक: नीलिमा

नमस्कार मंडळी,

मुलीचं लग्न सप्टेंबरात सॅन होजेजवळच्या एका हॉटेलात आहे. शुक्रवारी संध्याकाळी हळद आणि सीमांतपूजन, शनिवारी सकाळी लग्न, रात्री रिसेप्शन. पाहुणे 220. जेवण बाहेरच्या भारतीय केटररचं, हॉटेलचं नाही. सगळ्या कामांची फोड करून झाड काढलंय, त्याच्या मुख्य फांद्या अशा:

```
1 हळद व सीमांतपूजन
2 लग्न
3 रिसेप्शन
4 जेवण
5 सजावट व फुलं
6 गुरुजी व पूजासाहित्य
7 पाहुणे
8 हॉटेल
```

खालची पानं भरायला घेतली तर हार 2, 5 आणि 6 मध्ये आले. टेबलक्लॉथ 4, 5 आणि 8 मध्ये. नजरेनं सापडले तेवढे काढले, पण न सापडलेले किती असतील? तपासायची काही पद्धत आहे का?

---

प्रेषक: केदार

नीलिमाताई, गोंधळाचं कारण वरच्या ओळींतच आहे. 1 ते 3 हे कार्यक्रम आहेत आणि 4 ते 8 कामाचे प्रकार. एकाच पातळीवर दोन कसोट्या लावल्या की प्रत्येक गोष्टीला दोन घरं मिळणारच. लग्नातलं जेवण 2 मध्ये की 4 मध्ये?

4 ते 8 काढून टाका. फक्त तीन कार्यक्रम ठेवा आणि प्रत्येकाखाली त्याचं जेवण, फुलं, साउंड, पाहुणे लिहा. काहीही दोनदा येणार नाही.

---

प्रेषक: सुलभा

नीलिमा, हा प्रश्न आमच्या पुतण्याच्या लग्नातही आला होता. सप्तपदी चालू असतानाच तिकडे बुफे उघडला आणि अर्धा हॉल रिकामा झाला. मुहूर्त 11 नंतरचा असेल तर जेवणाची वेळ आणि विधी एकमेकांवर येणारच. गुरुजींना आधी विचार की मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत किती वेळ लागेल, आणि त्यावर अर्धा तास वाढवून केटररला वेळ सांग.

---

प्रेषक: श्रीराम

नमस्कार,

सुलभाताई, तुमची सूचना नीलिमाताईंनी जरूर लिहून ठेवावी, पण ती वेळापत्रकाची. झाडात वेळ नसते. सप्तपदी आणि बुफे एका वेळी आले तरी ती दोन वेगळी कामं आहेत, कुणी कुणाचं करत नाही. इथे प्रश्न असा की एकच वस्तू किंवा सेवा दोन जणांच्या यादीत आहे का. तसं झालं तर एक तर दोनदा पैसे जातात, नाही तर दोघंही समोरच्यावर विसंबून राहतात आणि ती वस्तू येतच नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो लग्नाच्या सकाळी कळतो.

केदार, एका पातळीवर एकच कसोटी, हे तुझं बरोबर. पण कार्यक्रमांची कसोटी इथे बसत नाही. केटररशी करार एकच आहे. चव बघणं एकदा, आगाऊ रक्कम एक, हॉटेल मागतं ते विम्याचं प्रमाणपत्रही एकच. तुझ्या झाडात ही तीन पानं कुठे लावणार? हळदीखाली, लग्नाखाली की रिसेप्शनखाली? कुठेही लावली तरी उरलेल्या दोन ठिकाणी ‘आपलंही’ म्हणून परत लिहिली जातील. त्यामुळे वरची पातळी कामाच्या प्रकारानं करा आणि कार्यक्रम त्याखाली घ्या:

```
1 विधी
2 जागा
3 भोजन
   3.1 करार, विमा, चव
   3.2 शुक्रवार रात्रीचं जेवण
   3.3 शनिवार दुपारचं जेवण
   3.4 रिसेप्शनचं जेवण
4 सजावट
5 ध्वनी व छायाचित्रण
6 पाहुणे
7 विवाहनोंदणी
```

आता तपासणी. प्रत्येक पान नामात लिहा, क्रियापदात नको. ‘हारांचं बघणे’ हे पान चार जण आपापल्या यादीत घालू शकतात, कारण बघायला सगळेच मोकळे असतात. ‘वरमाला, 2 नग, मंडपात पोचलेल्या’ असं लिहिलं की ते एकाकडेच राहतं.

मग एकसारख्या वाटणाऱ्या पानांच्या जोड्या घ्या, त्यातलं एक पुसून टाका आणि विचारा: लग्नाच्या दिवशी काही कमी पडेल का? कमी पडत नसेल तर ती पुनरुक्ती होती. कमी पडत असेल तर दोन्ही पानं खरी आहेत, फक्त नावं नीट वेगळी करायची आहेत.

तुमच्या टेबलक्लॉथवर हे लावून बघू. दहा जणांचं एक टेबल धरलं तर 22 टेबलं. शनिवारी दुपारच्या जेवणाचे 22 क्लॉथ आणि रिसेप्शनचे 22. यातलं एक पान पुसलं तर रात्री हळदीचे डाग पडलेल्या क्लॉथवर पाहुणे बसतील, म्हणजे ही पुनरुक्ती नाही, 44 नग खरेच लागतात. पण दुपारचेच 22 हॉटेलच्या भाड्यात धरलेले आहेत आणि डेकोरेटरच्या कोटेशनमध्येही, तर त्यातलं एक पुसून काहीच कमी पडत नाही. ती खरी पुनरुक्ती. केटररला वेगळं विचारा, कारण पुष्कळ केटरर फक्त बुफेच्या टेबलांचे क्लॉथ आणतात आणि कोटेशनवर नुसतंच ‘लिनन’ लिहितात.

याच्या उलटही होतं. नावं वेगळी, वस्तू एक. डेकोरेटर ‘स्टेज’ म्हणतो आणि हॉटेल ‘रायझर’. दोन्ही म्हणजे मंडपाखालचा तोच उंच चौथरा, आणि दोन्हीकडे त्याचे पैसे लावलेले असू शकतात. नावं जुळत नसल्यानं हे यादी वाचून सापडत नाही. हॉटेल, डेकोरेटर आणि केटरर यांची कोटेशनं शेजारी ठेवून एकेक ओळ ‘ही वस्तू नक्की कोणती, मापं काय’ असं विचारत जावं लागतं. याला दुसरा उपाय नाही.

होमाचं मात्र वेगळं. ते विधीत, जागेत आणि सजावटीत, तिन्हीकडे येतं आणि तिन्हीकडे यायलाच हवं. कुंड, समिधा, तूप गुरुजींच्या यादीत. हॉलमध्ये ज्योत पेटवायची लेखी परवानगी आणि तेवढ्या वेळापुरती धूरसूचक यंत्रणेची व्यवस्था हॉटेलकडे. कुंडाखालचा न जळणारा तळ डेकोरेटरकडे. यातलं कुठलंही पुसलं तर होम होत नाही. तीनही पानांवर नुसतं ‘होम’ लिहिलंय म्हणून ती सारखी दिसतात. पूर्ण नावं लिहा.

हारांसाठी सीमा अशी आखा: जे ताजं आणि कोमेजणारं आहे ते सगळं 4 मध्ये, एकाच फुलवाल्याकडे. वरमाला, सीमांतपूजनाचे हार, पूजेची सुटी फुलं, आंब्याची पानं, सगळं. गुरुजींच्या यादीत फक्त कोरडं: सुपाऱ्या, हळकुंडं, अक्षतांचे तांदूळ, लाह्या, जानवी. मोत्यांच्या मुंडावळ्या आणि अंतरपाट भारतातून येणार असतील तर तेही विधीतच. प्रत्येक पानापाशी ‘यात काय आहे’ आणि ‘यात काय नाही’ अशा दोन ओळी लिहा. ‘काय नाही’ची ओळ लिहिताना ती वस्तू मग कुठे आहे याचा क्रमांकही द्या. क्रमांक देता आला नाही तर ती वस्तू झाडातच नाही, हे तिथल्या तिथे कळतं.

---

प्रेषक: अमृता

श्रीरामकाका, हे शीटमध्ये करायचं असेल तर एक सुचवते. पानांची यादी उभी ठेवायची आणि D स्तंभात वस्तूचा एकच ठरलेला छोटा कोड लिहायचा, HAR, LINEN, STAGE असा. मग E मध्ये:

```
=COUNTIF($D$2:$D$120,D2)>1
```

TRUE आलेल्या ओळी म्हणजे पुसून बघायच्या जोड्या. कोड मुद्दाम सांगतेय, मराठी नावं जुळवू नका. ‘वऱ्हाड’ आणि ‘वर्‍हाड’ डोळ्यांना सारखे दिसतात, पण आतली अक्षरं वेगळी असतात आणि शीट त्यांना दोन शब्द समजते. शिवाय ‘टेबलक्लॉथ’ आणि ‘लिनन’ हे तर नावांवरून कधीच जुळणार नाहीत. त्यांना एकच कोड माणसानंच द्यायला हवा.

दोन गोष्टी मला मात्र कळल्या नाहीत. विवाहनोंदणी वेगळी फांदी कशाला, सही तर गुरुजीच करतात ना? आणि पाहुण्यांचा आकडा भोजनातही लागतो, टेबलांनाही आणि हॉटेलच्या खोल्यांनाही. तो तीन ठिकाणी लिहायचा का?

---

प्रेषक: श्रीराम

अमृता, कोडाची सूचना उत्तम. फक्त एक लक्षात ठेव, दोन पानांना चुकून वेगळे कोड गेले तर शीट गप्प बसेल. त्यामुळे कोड एकाच माणसानं, एका बैठकीत, कोटेशनं समोर ठेवून द्यावेत.

नोंदणी. कॅलिफोर्नियात विवाहाचं लायसन्स वधूवरांनी दोघांनी मिळून काउंटी क्लार्ककडून घ्यावं लागतं. ते 90 दिवस चालतं. लग्नानंतर गुरुजी आणि निदान एक साक्षीदार सही करतात, आणि ते 10 दिवसांच्या आत काउंटीला परत पोचवायची जबाबदारी लग्न लावणाऱ्याची. यात वधूवर, साक्षीदार आणि गुरुजी तिघं आले, म्हणून ते विधीखाली टाकलं तर ‘गुरुजी करतील’ असं सगळे धरून चालतात. 7 खाली दोनच पानं पुरेत: ‘हातात आलेलं लायसन्स’ आणि ‘काउंटीला पोचलेलं लायसन्स’. गुरुजींच्या फांदीवर सहीचं पान नको, नाही तर तिथे खूण झाली की काम संपल्यासारखं वाटतं आणि कागद बॅगेत राहतो.

आकडा एकदाच, 6 मध्ये: ‘पक्का आकडा, कार्यक्रमवार’. भोजन आणि जागा तो तिथून घेतात, स्वतः मोजत नाहीत. घेणं म्हणजे अवलंबन, पुनरुक्ती नाही. केटररनं स्वतः फोन करून मोजणी सुरू केली तर ती पुनरुक्ती, आणि मग 220 चे दोन वेगवेगळे आकडे फिरू लागतात.

---

प्रेषक: केदार

काका, वरच्या पातळीबद्दल पटलं. पण फोटोग्राफर, डीजे, डेकोरेटरची माणसं यांची जेवणं? माझ्या मते ती 5 आणि 4 मध्ये हवीत, कारण त्यांच्या करारातच ‘जेवण द्यावे’ असं लिहिलेलं असतं. भोजनात टाकली तर कितीजण येणार हे भोजन सांभाळणाऱ्याला कसं कळणार?

---

प्रेषक: श्रीराम

ताटं वाढणार केटरर, बिल त्याचंच, म्हणून मी ती 3.3 आणि 3.4 मध्ये धरेन आणि संख्या 4 व 5 कडून मागवेन. तुझ्या पद्धतीत ताटं दोन फांद्यांवर विखुरतात आणि केटररला तीन जणांकडून तीन आकडे जातात. पण हॉटेल कामगारांसाठी स्वतःच्या स्वयंपाकघरातून वेगळं जेवण देत असेल आणि बिल डेकोरेटरला लावत असेल, तर तुझं बरोबर. हॉटेलला विचारल्याशिवाय हे ठरणार नाही.

---

प्रेषक: नीलिमा

हॉटेलला आज विचारते. हार, क्लॉथ आणि चौथरा सुटले: चौथरा दोन्हीकडे होता, डेकोरेटरनं त्याच्या कोटेशनमधून काढला. आता चहाच अडलाय. शनिवारी सकाळी 7 ला वधूपक्षाच्या खोल्यांत चहा लागेल. केटरर 9 ला येतो, आणि हॉटेलच्या भाड्यातली कॉफी फक्त हॉलमध्ये मिळते. दोघांच्याही ‘काय नाही’च्या ओळीत चहा आहे आणि पुढे क्रमांक कुणाचाच नाही. 3 मध्ये नवं पान घालू की 6 मध्ये?