झोन सोडून मॅन-टू-मॅनच शिकवावं का?

डावा_हात: बास्केटबॉलला १३ ते १५ वयाची बारा मुलं आहेत, आठवड्याला दोनच सराव. वॉकथ्रूत २-३ झोन घड्याळासारखा फिरतो, मॅचमध्ये मात्र कॉर्नर उघडा पडतो. झोन सोडून मॅन-टू-मॅनच शिकवावं का?

जुनी_शिट्टी: कॉर्नर कुणामुळे उघडा पडतो ते आधी बघा. टॉपवरून विंगला पास गेला की मागच्या रांगेतला कडेचा पोरगा पुढे धावतो, आणि गार्ड पोचला की त्याने खाली परतायचं असतं. वॉकथ्रूत तो परततो, कारण बॉल विंगवर थांबून राहतो. मॅचमध्ये गार्डला उशीर होतो, हा वरच अडकतो आणि पुढचा पास थेट कॉर्नरला. दोष गार्डच्या पहिल्या दोन पावलांचा आहे.

वॉकथ्रू पाच मिनिटांत उरका, मग ५ विरुद्ध ५. हल्ल्याला ड्रिबल बंद, बॉल हातात सेकंदभरच. बचावाला स्टील बंद, नाहीतर पोरं पासवर झेपा घेतात नि जागा सोडतात. कॉर्नरला मोकळा कॅच मिळाला की हल्ल्याला गुण, शॉट पडो न पडो. तुम्ही फक्त गार्डचे पाय बघा: पास हवेत असतानाच हलले पाहिजेत.

बेसलाईन: झोन म्हणजे आळशी बचाव. शेल ड्रिल घ्या, ४ विरुद्ध ४. बॉल पलीकडे असला की एक पाय पेंटमध्ये, झालं. ज्याला एक माणूस अडवता येत नाही तो जागा काय राखणार?

जुनी_शिट्टी: शेवटचं वाक्य मान्य, पहिलं नाही. आणि "झालं" कुठे? पाय पेंटमध्ये ठेवून पोरं बॉल बघत बसतात, आपला माणूस पाठीमागून कट मारून जातो. तिथेही अट लागते. बचाववाल्याची मान पूर्ण वळलेली दिसली की कट मारायची मुभा, त्या बास्केटला दुप्पट गुण. मग माना आपोआप फिरायला लागतात.

पाण्याची_बाटली: मी कोच नाही, पालक. मुलगा उंच, म्हणून कायम झोनच्या मधोमध उभा. दोन वर्षांत ड्रिबल करणाऱ्यासमोर पाय सरकवायला शिकलाच नाही. निवड चाचणीत वन-ऑन-वन लावलं आणि पहिल्याच फेरीत बाहेर.

नवा_कोच: ड्रिबल बंदची अट आम्ही महिनाभर चालवली. पोरं बॉलवाल्याच्या छातीला चिकटून उभी राहायला लागली, कारण तो चकवून जाईल ही भीतीच नव्हती. अट उठवली त्या दिवशी प्रत्येक क्लोजआऊटला चकवले गेलो.

जुनी_शिट्टी: महिनाभर?! दोन-तीन सरावांनी एक ड्रिबल द्यायचा, मग दोन. चिकटणं दिसलं की अट जुनी झाली समजा.

बेसलाईन: एवढ्या अटी लक्षात ठेवण्यापेक्षा माणूस धरा म्हणावं.

डावा_हात: काल करून पाहिलं. गार्ड वेळेवर निघतात, कॉर्नर बराच झाकला गेला. पण आता विंगकडे दोन्ही गार्ड धावतात नि फ्री थ्रो लाईनपाशी हाय पोस्ट मोकळा. तिथला पास मधल्या उंच पोराने उचलायचा की दुसऱ्या गार्डने?