भाऊ मेलबर्नला, बहीण साताऱ्यात: भाऊबीज व्हिडिओ कॉलवर करावी का?

करंजे पेठेतली ताई: धाकटा भाऊ मेलबर्नला आहे. राखी पोस्टाने पाठवते, त्याची बायको बांधते, फोटो येतो, मला समाधान वाटतं. पण भाऊबीजेला फोनसमोर ताट फिरवणं पटत नाही. आई म्हणते, सरळ चंद्राला ओवाळ. काय करू?

वाईची माई: राखी आणि भाऊबीज एकाच मापाने मोजू नका. राखीचा धागा प्रवास करू शकतो, तो दुसऱ्याच्या हातून बांधला तरी राखी तुमचीच. भाऊबीजेला मात्र भावाने बहिणीच्या घरी जाऊन जेवायचं असतं. यम यमुनेकडे जेवायला गेला, म्हणून तर ती यमद्वितीया. तेव्हा लांबून करताना जेवण सांभाळा, ओवाळणं त्याच्या मागोमाग येतं.

वेळ नीट बघा. दिवाळीत मेलबर्न आपल्या साडेपाच तास पुढे असतं. तुम्ही संध्याकाळी सहाला निरांजन लावलंत तर तिकडे रात्रीचे साडेअकरा, पोरगं पेंगत बसणार. दुपारी दीडला घ्या, म्हणजे तिकडे सात, जेवायची वेळ. यमद्वितीयेला दुपारचीच वेळ धरायची जुनी रीत आहे, त्यामुळे शास्त्रही मोडत नाही. आदल्या दिवशी ठरवा आणि दोन्ही घरी एकच पदार्थ करा. बासुंदी म्हणा, पुरणपोळी म्हणा. त्याने पहिला घास तुमच्यासमोर घ्यावा.

राजवाड्याजवळचा: एवढं कशाला? एका खोक्यात राखी, कुंकू, अक्षता आणि अर्धा किलो कंदी पेढे घालून कुरिअर करा. भाऊबीजेलाही तसंच. ताईच्या हातचं पोचलं की झालं. माझ्या बहिणीने दुबईला पाठवलं, व्यवस्थित मिळालं.

वाईची माई: हातचं काही जावं हे तुमचं खरं. पण दुबईचा नियम ऑस्ट्रेलियाला लावू नका. तिथे दुधाखव्याचे पदार्थ, बिया, ताजी फुलं तपासणीत अडतात. पेढे तर जातातच, त्यांच्यापायी राखीही अडकून पडते. रुद्राक्षाची किंवा बियांची राखीही नको, साधी रेशमाची घ्या. अक्षतांचे तांदूळ त्याच्याच डब्यातले. कुंकवाची पुडी पाकिटात फुटते आणि राखी लालभडक होते, तेही तिकडच्या भारतीय दुकानातून आणू द्या.

कोरेगावची फौजीची बहीण: माझा भाऊ फौजेत. पत्ता ५६ एपीओचा, पिनकोड ९ ने सुरू होणारा, गावाचं नावच नाही. राखी आषाढातच टाकते. भाऊबीजेला फोन लागेलच असं नसतं. तो सुट्टीवर येतो त्या दिवशी पाटावर बसवते, मग मार्गशीर्ष असो नाही तर पौष. स्क्रीनला ओवाळण्यापेक्षा माणूस समोर आल्यावर ओवाळलेलं बरं. तिथीसाठी भाऊ नाही, भावासाठी तिथी.

सांगलीकर, सध्या जर्मनीत: मी भावाच्या बाजूने बोलतो. फौजेतल्याला इलाज नाही, पण आमच्यासारख्यांनी ‘आल्यावर करू’ म्हटलं की ते राहूनच जातं, कारण आम्ही येतो ते लग्नकार्याला, घाईत. कॉल हवाच. सुरुवातीला मलाही ते बघायला लावल्यासारखं वाटायचं. नंतर कारण कळलं. ताई निरांजन कॅमेऱ्याच्या अगदी समोर धरायची, ज्योतीचा पांढरा गोळा दिसायचा आणि तिचा चेहरा काळा पडायचा. आता ती खिडकीकडे तोंड करून उभी राहते, फोन पाटावर टेकवते आणि ताट थोडं खालून फिरवते.

दुसरं म्हणजे ओवाळणी. कॉल चालू असताना पैसे पाठवले की तिचा मोबाइल वाजायचा आणि ती हिरमुसायची. आता मी आधीच बाबांकडे पाकीट देऊन ठेवतो, ते माझ्या वतीने तबकात घालतात.

राजवाड्याजवळचा: बाबांनी पाकीट घालायचं हे पटलं. फोनवरच्या ओवाळण्याबद्दल अजून मन होत नाही.

करंजे पेठेतली ताई: दुपारी दीड ठरवते. पण चंद्राचं काय? आई अडून बसली आहे.

वाईची माई: आमच्यात ज्यांना भाऊच नाही त्या चंद्राला ओवाळतात. भाऊ धडधाकट असताना नको, असं माझी सासू म्हणायची.

कोरेगावची फौजीची बहीण: आमच्याकडे लांबच्या भावासाठीही ओवाळतात, मी दर वर्षी ओवाळते. घराघराची रीत वेगळी. आईचं मन मोडू नका, दुपारी भाऊ आणि संध्याकाळी चंद्र, दोन्ही करा. फक्त उशीर नको. बीजेची कोर मावळतीला थोडाच वेळ असते, आणि साताऱ्यात पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, त्याच्याआड ती आणखी लवकर जाते. सूर्य बुडाला की ताट घेऊन गच्चीवर चढा.

करंजे पेठेतली ताई: बरं. त्याच्याकडे पाट नाही हो, जेवायला टेबल आहे.

सांगलीकर, सध्या जर्मनीत: माझ्याकडेही नाही. मी चादरीची चौपदरी घडी घालून जमिनीवर बसतो, तोंड पूर्वेला. रांगोळी खडूने काढतो. टेबलावर बसून करू देऊ नका, जेवता जेवता कॉल लावल्यासारखं होतं.