उत्तर: रेवडी आणि पॉप्युलिझम

‘रेवडी वाटली की पॉप्युलिझम झालाच ना?’

नाही, ती नुसती खैरात. राज्यशास्त्रज्ञ कास मुड्डे यांच्या पॉप्युलिझमच्या 2004 च्या व्याख्येत सच्ची जनता विरुद्ध भ्रष्ट अभिजन ही फाळणी लागते, आणि राजकारण म्हणजे जनतेची एकमुखी इच्छा हा दावाही. इंदूरच्या राजवाड्यावरच्या सभेत ‘नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, नगरसेवक बदला’ हा साधा प्रचार. ‘आम्हीच खरी जनता, आड येणारं कोर्टही त्या लुटारूंचंच’ म्हटलं की गाडी रुळ बदलते.

‘जनता’ शब्द मोजून काही कळत नाही, तो सगळेच वापरतात. म्हणून राज्यशास्त्रज्ञ कर्क हॉकिन्स यांच्या पद्धतीत अख्खं भाषण वाचून ते किती पॉप्युलिस्ट आहे याचे 0, 1 किंवा 2 गुण देतात. जनता विरुद्ध अभिजन ही मांडणी असूनही सातत्य नसेल, किंवा सूर मवाळ असेल, तर 1. गुण देणाऱ्यांची भांडणं तिथंच होतात.