मदत हवी आहे: वक्त्यांनी प्रश्न वेगळाच समजून घेतला, तर तो पुन्हा कसा विचारावा?

इंदूरचा श्रोता:
सर्वांना नमस्कार. इंदुरातील एका मराठी मंडळात अहिल्याबाई होळकरांच्या कारभारावर व्याख्यान होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी विचारले, "काशी विश्वनाथाच्या मंदिराची १७८० मधील उभारणी खासगीच्या उत्पन्नातून झाली की दौलतीच्या, आणि ते कोणत्या कागदांवरून ठरते?" वक्त्यांनी काशीपासून सोमनाथापर्यंतच्या बांधकामांचे आणि बाईंच्या दातृत्वाचे मनापासून वर्णन केले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माइक पुढच्या श्रोत्याकडे गेला. वक्ते वयाने व अधिकाराने मोठे आहेत, त्यामुळे भर सभेत "उत्तर मिळाले नाही" असे म्हणणे मला योग्य वाटले नाही. पुढील महिन्यात त्यांचेच व्याख्यान आहे. त्यांचा मान राखून तोच प्रश्न पुन्हा कोणत्या शब्दांत विचारावा?

राजवाडा परिसर:
खासगी ही होळकर घराण्यातील राण्यांची, दौलतीहून म्हणजे राज्याच्या खजिन्याहून वेगळी अशी स्वतंत्र मिळकत होती आणि बाईंची देवळे व घाट तिच्यातूनच बांधले गेले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

इंदूरचा श्रोता:
आभारी आहे, माहिती उपयोगाची आहे. मला येथे मात्र इतिहासाऐवजी प्रश्नाच्या शब्दरचनेविषयी सल्ला हवा होता.

जुना श्रोता:
माझ्या मते तोच प्रश्न जरा मोठ्याने आणि सावकाश विचारावा. आपल्याकडच्या सभागृहांत आवाज इतका घुमतो की व्यासपीठावर निम्मे शब्द पोहोचतच नाहीत.

सूत्रसंचालक:
प्रश्न ऐकूच गेला नसेल, तर हा उपाय बरोबर आहे. पण तसे झाले होते का, हे आधी उत्तरावरून ताडून पाहावे. आपल्या प्रश्नातले कोणते शब्द उत्तरात आले आणि कोणते गळाले, हे पाहिले की गोंधळ कुठे झाला ते कळते. येथे काशी आली, उभारणी आली, पण खासगी, दौलत आणि कागद हे तिन्ही शब्द आले नाहीत. वक्त्यांच्या कानावर ओळखीचा विषय पडला आणि त्यांनी त्याच विषयावरचे तयार विवेचन दिले. प्रश्न काशीने सुरू होतो, म्हणून तोच मोठ्याने विचारला तर तेच विवेचन पुन्हा ऐकायला मिळण्याची शक्यता अधिक. शिवाय त्यात दोन प्रश्न होते, आणि अशा वेळी दुसरा बहुधा वाऱ्यावर जातो.

म्हणून पुन्हा विचारताना गळालेला शब्द आधी आणावा आणि एकच गोष्ट विचारावी. आपण वरच्या सदस्यांना जे उत्तर लिहिले, त्याच धर्तीवर सभेत बोलता येईल: "आपण बांधकामांची व्याप्ती सांगितलीत, त्याबद्दल आभार. माझा रोख खर्चाच्या हिशेबाकडे होता, तो माझ्या बोलण्यात स्पष्ट झाला नसावा. हा खर्च खासगीच्या हिशेबात नोंदलेला आढळतो का?" मिळालेल्या उत्तराची पोच एका वाक्यात द्यावी, ती लांबली की लोकांना ते भाषण वाटू लागते. "आपल्या लक्षात आले नाही" हे वाक्य मात्र कितीही मृदू स्वरात म्हटले तरी बोचते.

पिथमपूरचा अभियंता:
माझी अडचण थोडी निराळी आहे. आमच्या कारखान्यात यंत्र विकायला आलेल्या प्रतिनिधीला मी देखभालीचा खर्च विचारला, तर तो म्हणाला, "अगदी नगण्य." त्याने प्रश्न बरोबर समजून घेतला होता, तरीही माझ्या हाती काहीच लागले नाही.

सूत्रसंचालक:
तेथे प्रश्न बदलण्यापेक्षा मोजमाप पुढे करावे. "नगण्य म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या आत धरावे की त्याहून अधिक?" असे विचारले की आकड्याच्या जवळपास यावेच लागते. आकडा देणे त्याच्या अधिकारात नसेल, तर घडलेले उदाहरण मागावे: "हे यंत्र वर्षभर चालवलेल्या एखाद्या ग्राहकाकडे कोणते भाग बदलावे लागले?"

इंदूरचा श्रोता:
हीच "हे की ते" अशी रचना मी काशीच्या प्रश्नात केली होती. तेथे ती का चालली नाही?

सूत्रसंचालक:
पैशाच्या आकड्याला आत किंवा बाहेर असे दोनच पर्याय असतात. इतिहासात तिसरा असू शकतो: काही खर्च खासगीतून, काही अन्य मार्गाने. दोनांतून एक निवडायला लावले, तर जाणकार माणूस सावध होऊन मोघम बोलतो. म्हणून "की दौलतीच्या" हे शब्द मी वगळले. शेवटी "संदर्भ आत्ता हाताशी नसल्यास नंतर कळवले तरी चालेल" हेही जोडावे, म्हणजे ठाऊक नसले तरी त्यांना तसे सांगताना संकोच वाटत नाही.

जुना श्रोता:
हे पटले. तरीही ज्येष्ठांना सभेत दुसऱ्यांदा विचारू नये, कार्यक्रमानंतर एकटे गाठावे, असेच मला वाटते.

सूत्रसंचालक:
येथे माझे मत वेगळे आहे. एकट्याला मिळालेले उत्तर इतर श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही. सभेत दुसऱ्यांदा जरूर विचारावे. तिसऱ्यांदा मात्र नको.

इंदूरचा श्रोता:
दोन्ही बाजू विचार करण्यासारख्या आहेत. सभेत एकदा विचारीन, आणि कागदांविषयीचा भाग चिठ्ठीवर लिहून नंतर त्यांच्या हाती देईन. माइक पुढे गेल्यावर तो परत मागताना अध्यक्षांना काय म्हणावे, हेही कोणी सुचवल्यास बरे होईल.